बिघाडाचा माग मराठीत: पाच ‘कशामुळे’ आणि माशाच्या काट्याची आकृती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रत्नागिरीजवळच्या एका मासे गोठवण्याच्या कारखान्यात देखभाल विभागासाठी बिघाडांचे इंग्रजी अहवाल मराठीत आणण्याचे काम मी करतो. बिघाडाच्या मुळापर्यंत जाण्यासाठी या अहवालांत पाच वेळा ‘व्हाय’ विचारण्याची पद्धत आणि ‘फिशबोन’ नावाची आकृती वापरतात. या कामात इतर कारखान्यांतील सहकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरण शक्यतो एकच ठेवले आहे. ते आहे कंडेन्सरला थंड पाणी पुरवणाऱ्या दोन नंबरच्या पंपाचे, ज्याचे बेअरिंग सलग दोन वर्षे ऑगस्ट महिन्यात निकामी झाले.

मूळ इंग्रजी अहवालात काय लिहिले होते?

अहवाल एका पानाचा होता आणि वरवर पाहता त्यात काहीही चुकीचे नव्हते. पंप बंद पडला, कारण बेअरिंग निकामी झाले; बेअरिंग निकामी झाले, कारण वंगण अपुरे पडले; वंगण अपुरे पडले, कारण ग्रीस वेळेवर भरले गेले नाही; ग्रीस भरले गेले नाही, कारण कर्मचाऱ्याने दुर्लक्ष केले; आणि दुर्लक्ष झाले, कारण प्रशिक्षण कमी पडले. पाच प्रश्न, पाच उत्तरे आणि शेवटी ‘प्रशिक्षण देण्यात आले’ असा शेरा. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच पंपाचे त्याच बाजूचे बेअरिंग पुन्हा गेले, तेव्हा तो अहवाल मराठीत करून फिटर मंडळींसमोर ठेवावा असे ठरले. शब्दाला शब्द ठेवून केलेले माझे पहिले भाषांतर वाचून सगळे गप्प बसले. त्या शांततेचा अर्थ लावताना मला जे उमगले, त्यावरच पुढची बरीचशी उत्तरे बेतलेली आहेत.

‘व्हाय’ला ‘का’ म्हणायचे की ‘कशामुळे’?

लेखी कागदावर ‘कशामुळे’ आणि तोंडी ‘कशानं’. मराठीतला ‘का’ दोन कामे करतो: तो कारणही विचारतो आणि हेतूही विचारतो. ‘ग्रीस का भरलं नाही?’ हे वाक्य वरिष्ठाच्या तोंडून आले की ऐकणाऱ्याला त्यात जाब ऐकू येतो, आणि जाबाला माणूस सफाई देतो, माहिती देत नाही. ‘कशामुळे’ मात्र वस्तूकडे आणि घटनेकडे बोट दाखवतो. शिवाय ‘-मुळे’ हे शब्दयोगी अव्यय ‘मूळ’ या शब्दातूनच आलेले आहे, त्यामुळे मूळ शोधण्याच्या कामाला याहून नेमका प्रश्नशब्द मराठीत सापडणे अवघड आहे.

नकारार्थी प्रश्न तर शक्यतो टाळावा. ‘ग्रीस का भरले नाही?’ याऐवजी ‘ग्रीस भरण्याचे काम कुठे अडले?’ असे विचारले, की ग्रीस गनचे तोंड निप्पलला बसत नव्हते, ग्रीसचा डबा स्टोअरमध्ये कुलपात होता, किंवा त्या पाळीत माणूसच दुसरीकडे पाठवला होता, अशी पडताळून पाहता येणारी उत्तरे मिळू लागतात.

फॉर्मच्या मथळ्यात ‘कारणे’ हा शब्द चालेल का?

‘मूळ कारण विश्लेषण’ हा शब्दप्रयोग बरोबर आहे आणि लेखापरीक्षणाच्या फायलीवर तोच असावा. परंतु फिटरने स्वतः भरायच्या कागदावर ‘कारणे द्या’ असा रकाना ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत ‘कारणं सांगू नकोस’ याचा अर्थ ‘सबबी सांगू नकोस’ असा होतो, आणि ‘कारणे दाखवा’ ही तर शिस्तभंगाची नोटीस असते. ज्याला ती नोटीस एकदा मिळाली आहे, किंवा शेजारच्याला मिळालेली ज्याने पाहिली आहे, तो त्या रकान्यात मोकळेपणाने काही लिहील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. आम्ही कागदाला ‘बिघाडाचा माग’ असे नाव दिले. माग काढणे ही क्रिया सर्वांच्या परिचयाची आहे आणि तिच्यात आरोप नाही.

‘बेअरिंग फेल्युअर’चे भाषांतर काय करावे?

एका शब्दात करूच नये. इंग्रजीत ती दोन नामे शेजारी ठेवून काम भागते, आणि मराठीत आपण ‘बेअरिंग निकामी’ लिहून त्याची परतफेड करतो. बोलताना तर ‘बेअरिंग गेलं’ एवढेच पुरते. पण गेले म्हणजे नेमके काय झाले? आवाज करू लागले, गरम होऊन निळे पडले, पिंजरा तुटला, धरले, की गंजले? या प्रत्येक अवस्थेचा माग वेगळ्या दिशेने जातो. म्हणून पहिल्या ओळीत अर्थ न लावता जे दिसले ते लिहावे, असा आमचा नियम आहे.

दोन नंबरच्या पंपाच्या बाबतीत हा नियम लावला, तेव्हा पर्यवेक्षक आणि ज्येष्ठ फिटर यांच्यात झालेले बोलणे मी तसेच टिपून ठेवले होते.

‘दादा, बेअरिंग उघडलंत तेव्हा ग्रीस कसं होतं?’

‘पांढरं. ताकासारखं झालं होतं.’

‘कमी होतं का?’

‘कमी कुठलं, चांगलं भरलेलं होतं. आणि आतल्या रिंगवर काळे डाग होते, गोळीला गोळी लागते ना, बरोबर तेवढ्या तेवढ्या अंतरावर.’

या चार ओळींनी इंग्रजी अहवालाची दुसरी पायरीच कोसळली. वंगण अपुरे पडले असते तर ग्रीस सुकलेले व काळवंडलेले मिळाले असते आणि धातूवर उष्णतेचा निळसर किंवा तपकिरी रंग चढलेला दिसला असता. पांढरे, दुधाळ ग्रीस म्हणजे त्यात पाणी मिसळले आहे. आणि गोळ्यांच्या अंतरावरच पडलेले गंजाचे डाग हे पाणी आत असताना शाफ्ट बराच काळ एकाच जागी उभा होता याची खूण असते, कारण फिरत्या बेअरिंगमध्ये गोळ्या जागा बदलत राहतात आणि डाग असे मोजूनमापून पडत नाहीत. हे निरीक्षण मूळ अहवालात नव्हते, कारण ते कोणी विचारलेच नव्हते.

दुरुस्त केलेली ‘कशामुळे’ची साखळी कशी दिसते?

पंप कशामुळे थांबला? ड्राइव्हच्या बाजूचे बेअरिंग धरले, मोटरवर भार वाढला आणि ओव्हरलोड रिले पडला.

बेअरिंग कशामुळे धरले? गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे खड्डे पडले होते. पंप सुरू झाल्यावर त्या खड्ड्यांच्या कडा तुटून धातूचे कण आत फिरू लागले.

गंज कशामुळे चढला? ग्रीसमध्ये पाणी शिरलेले असताना पंप जून आणि जुलै असे दोन महिने एकाच स्थितीत उभा होता.

येथे साखळीला फाटा फुटतो. पाणी आत कशामुळे शिरले, हा एक प्रश्न आहे. आणि आत शिरलेले पाणी दोन महिने कोणाच्याच लक्षात कशामुळे आले नाही, हा दुसरा. पहिल्या फाट्यावर उत्तर मिळाले की मासेमारी बंदीपूर्वी पंपघर प्रेशरच्या पाण्याने धुतले जाते, आणि बेअरिंगच्या घराच्या तोंडावरील ऑइल सीलचा ओठ झिजून कडक झाला होता. सील जुनेच कशामुळे राहिले? बेअरिंग बदलण्याच्या कामासाठी स्टोअरमधून जी सामानाची यादी निघते, तिच्यात बेअरिंग आणि ग्रीस आहे, पण ऑइल सील नाही. म्हणजे आदल्या वर्षी नवे बेअरिंग बसले ते जुन्या सीलमागेच बसले.

दुसऱ्या फाट्यावर उत्तर छोटे आहे: पंप चालू असतानाची तपासणी यादी आहे, बंद ठेवण्याच्या काळाची यादीच नाही.

पाच हा आकडा पाळण्यासाठी यातले काही गाळू नये किंवा वाढवू नये. ही पद्धत साकिची टोयोडा यांच्यापासून सुरू झाली असे मानले जाते आणि टोयोटा कारखान्यात ताईची ओनो यांनी ती रुजवली. ओनो यांच्या सुप्रसिद्ध उदाहरणात फ्यूज उडाल्यापासून सुरुवात होते आणि वंगणाच्या पंपाला गाळणी नव्हती, म्हणून धातूचा कचरा आत गेला, येथे माग संपतो. शेवटचे उत्तर गाळणीचे आहे, कोणाच्या निष्काळजीपणाचे नाही, हे त्यातले लक्षात ठेवण्यासारखे.

भाषांतरात कर्ता लपवावा की दाखवावा?

मराठीने याबाबतीत आपल्याला तीन वाटा दिल्या आहेत. ‘फिटरने सील बदलले नाही’ हे कर्त्याकडे बोट दाखवणारे वाक्य आहे. ‘सील बदलण्यात आले नाही’ हे सरकारी वाक्य आहे, ज्यात कर्ता आहे की नाही तेच कळत नाही. आणि ‘सील बदलायचे राहून गेले’ हे घरगुती वाक्य आहे, ज्यात जणू सीलचाच दोष आहे. इंग्रजी अहवालांतील कर्मणी वाक्यांमुळे भाषांतरकार दुसऱ्या वाटेने जातो आणि बोलणारी मंडळी तिसऱ्या वाटेने.

माझा पायंडा असा आहे की मागाच्या साखळीत वस्तू किंवा व्यवस्था यांना कर्ता करावे: ‘सामानाच्या यादीत सील नव्हते.’ हे वाक्य खरे आहे, पडताळता येते आणि त्यात कोणी लपलेलेही नाही. पुढच्या उपाययोजनेच्या रकान्यात मात्र माणसाचे पद स्पष्ट लिहावेच लागते, तिथे ‘करण्यात येईल’ चालत नाही.

फिशबोनला काय म्हणावे? ‘माशाचे हाड’ ऐकायला विचित्र वाटते.

विचित्र वाटते, कारण ते मराठी नाही. माशाला काटा असतो. कोकणातल्या माणसासमोर ‘माशाचे हाड’ म्हटले तर तो आधी हसेल आणि मग कागद बाजूला ठेवील. आम्ही ‘माशाच्या काट्याची आकृती’ म्हणतो. बांगडा चिरून उघडला की मधला काटा बाजूच्या बारीक काट्यांसकट कसा सबंध निघतो, हे सांगितल्यावर आकृती वेगळी समजावून सांगावी लागली नाही: डोक्याच्या जागी बिघाड, मधल्या काट्याला टेकणारे मोठे काटे म्हणजे कारणांचे गट, आणि त्यांना फुटलेले बारीक काटे म्हणजे एकेक शक्यता. काओरू इशिकावा यांचे नाव या आकृतीला जोडलेले आहे, तेव्हा औपचारिक फायलीत ‘इशिकावा आकृती’ लिहिण्यासही हरकत नाही.

सहा ‘एम’चे मराठीत सहा ‘म’ करता येतील का?

इंग्रजीत कारणांच्या सहा गटांची नावे ‘एम’ने सुरू होतात. मराठीत त्यांपैकी चार जमतात: माणूस, मशीन, माल, मोजमाप. उरलेल्या दोघांसाठी ‘मार्ग’ आणि ‘मोसम’ असे ओढून आणण्याचा मोह मलाही झाला होता. पण ‘मार्ग’ म्हटल्यावर कामाची पद्धत कोणाला सुचत नाही, आणि ‘मोसम’ म्हटल्यावर पंपघरात नळीने उडालेले पाणी डोळ्यांपुढे येत नाही. ते मोसमाचे नाही, आपलेच आहे. म्हणून ‘पद्धत’ आणि ‘परिसर’ हे साधे शब्द ठेवले. अक्षरे जुळली नाहीत तरी आकृतीचे काही बिघडत नाही.

‘माणूस’ या गटाबद्दल मात्र सावध राहावे. तो शब्द एकटा लिहिला की लोक त्याखाली नावे लिहू लागतात. आम्ही तिथे ‘कामाची वाटणी आणि माहिती’ असे लिहितो; म्हणजे कोणत्या पाळीत किती जण होते, कोणाला काय सांगितले गेले होते, एवढेच त्या काट्यावर येते.

बारीक काट्यांवर एकेक शब्द लिहावा की वाक्य?

वाक्य, लहान पण क्रियापदासह. ‘वंगण’ असे नुसते लिहिले तर ते जास्त होते, कमी होते, चुकीच्या जातीचे होते की पाणी मिसळलेले होते, हे आठवड्याने लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. ‘ग्रीस दुधाळ होते’ हे तीन शब्द पुरतात. प्रत्येक काट्यापुढे आम्ही तीनपैकी एक खूण करतो: पाहिले, ऐकले, किंवा अंदाज. मूळ इंग्रजी नमुन्यात ही सोय नव्हती, पण भाषांतर करताना ती घातली, आणि वादावादी बरीच कमी झाली.

आकृती संगणकावर काढणार असाल, तर अक्षरे काट्याच्या तिरक्या रेषेवर तिरकी लिहू नयेत. वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे तिरकी झाली की लांबून वाचता येत नाहीत. मजकूर आडवाच ठेवावा आणि युनिकोड फॉन्ट वापरावा, कारण जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की काट्यांवर अगम्य चिन्हे उगवतात.

सगळ्या बिघाडांचे कारण शेवटी ‘खारी हवा’च निघते. ते लिहावे का?

आकृतीत लिहावे, साखळीच्या शेवटी लिहू नये. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, हे खरेच आहे. पण जे बदलता येत नाही, तेथे माग थांबवला तर उपाय उरत नाही. शिवाय ते पुरते खरेही नसते. आमच्याकडे एक नंबरचा पंप त्याच घरात, चार हातांवर आहे. हवा तीच, ग्रीस तेच, बेअरिंगही त्याच जातीचे. तरीही त्याचे बेअरिंग टिकले. फरक एवढाच, की शीतगृहात साठा असल्याने बंदीच्या काळातही तो पंप चालू होता, आणि दोन नंबरचा उभा होता. पंपांच्या अशा जोडीची तुलना हा सर्वांत स्वस्त पुरावा आहे. ‘परिसर’ या काट्यावर काहीही लिहिण्यापूर्वी शेजारच्या यंत्राकडे पाहावे.

भाषांतरित साखळी बरोबर आहे, हे कसे ओळखावे?

ती खालून वर ‘म्हणून’ लावून मोठ्याने वाचावी. ‘यादीत सील नव्हते, म्हणून जुने सील राहिले, जुने सील राहिले, म्हणून धुण्याचे पाणी आत गेले, पाणी आत गेले आणि पंप उभा राहिला, म्हणून गंज चढला.’ येथे कुठे अडखळायला होत नाही. आता जुनी साखळी वाचून पाहा: ‘प्रशिक्षण कमी पडले, म्हणून दुर्लक्ष झाले.’ प्रशिक्षण नसलेला माणूस चुकीचे करील, पण दुर्लक्षच करील असे का? इंग्रजीत जी उडी दिसली नव्हती, ती मराठीतल्या ‘म्हणून’ने उघडी पाडली.

वाचणारा माणूस बैठकीला हजर नसलेला असावा. हजर असलेल्याच्या डोक्यात गाळलेले दुवे आधीच भरलेले असतात आणि तो न अडखळता वाचून मोकळा होतो.

बेअरिंग, सील, कपलिंग यांना मराठी शब्द वापरावेत का?

नाही. मराठी विश्वकोशात बेअरिंगसाठी ‘धारवा’ हा शब्द आहे आणि तो चांगला आहे, पण स्टोअरच्या खिडकीवर धारवा मागितला तर काही मिळणार नाही. जे नाव पावतीवर आणि तोंडात आहे, तेच देवनागरीत लिहावे. यंत्रावर रंगवलेला क्रमांकही जसाच्या तसा उतरवावा. मराठी लागते ती क्रियापदांत आणि जोडशब्दांत, कारण कार्यकारणाचा सांधा तेथेच असतो.

‘करेक्शन’ आणि ‘करेक्टिव्ह ॲक्शन’ दोन्हींना ‘दुरुस्ती’ म्हणता येईल का?

येणार नाही, आमच्या पहिल्या भाषांतरात हीच चूक झाली होती. दोन्ही रकान्यांवर ‘दुरुस्ती’ असे आल्यामुळे दोन्हींत ‘बेअरिंग बदलले’ असेच भरले गेले. आता पहिल्या रकान्यावर ‘तात्पुरती दुरुस्ती: यंत्र चालू करण्यासाठी काय केले’ आणि दुसऱ्यावर ‘पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले’ असे लिहितो. रकाना लांबतो, पण भरणारा चुकत नाही.

उपाययोजनेची वाक्ये कशी लिहावीत?

‘योग्य ती काळजी घ्यावी’ हे वाक्य दिसले की ते खोडावे. त्यात कोणी, काय, केव्हा यांपैकी काहीही नाही, त्यामुळे ते पाळले गेले की नाही हेही सांगता येत नाही. दोन नंबरच्या पंपासाठी शेवटी जे लिहिले गेले, ते असे:

‘बेअरिंग बदलण्याच्या सामानाच्या यादीत स्टोअर प्रमुखांनी दोन ऑइल सील समाविष्ट करावेत, सीलशिवाय बेअरिंग देऊ नये.’

‘पंपघर धुताना बेअरिंगच्या घरांवर झाकण बांधावे आणि नळीचा मारा त्यांवर करू नये. धुणे झाल्यावर, पंप बंद ठेवण्यापूर्वी, पाळीच्या फिटरने निचऱ्याचे बूच काढून, आतले जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत ताजे ग्रीस भरावे आणि नंतर बूच लावावे.’

‘पंप बंद असलेल्या काळात दर सोमवारी, वीजपुरवठा तोडून व कुलूप-पाटी लावून, शाफ्ट हाताने काही फेरे फिरवावा आणि कपलिंगवरील रंगाची खूण आधीच्या जागेपासून पाव फेरा पुढे येईल असा थांबवावा. खुणेची जागा वहीत लिहावी.’

तिसऱ्या वाक्यातला पाव फेरा हा तपशील इंग्रजीत कोठेही नव्हता. तो ज्येष्ठ फिटरने सुचवला. नुसते ‘फिरवावा’ लिहिले असते तर शाफ्ट फिरवून पुन्हा त्याच जागी आणून ठेवणारेही निघाले असते, आणि गोळ्या पुन्हा त्याच ठिकाणी टेकल्या असत्या.

मराठी प्रत आणि इंग्रजी प्रत यांत फरक पडला, तर खरी कोणती?

ज्या भाषेत निरीक्षण प्रथम नोंदले गेले, ती. आमच्याकडे आता माग मराठीतच लिहिला जातो आणि मुख्य कार्यालयासाठी त्याचे इंग्रजी होते. ‘ताकासारखे पांढरे’ याचे इंग्रजीत ‘पाणीमिश्रित’ झाले तरी चालते, पण मराठी कागदावरचे ताक तसेच राहते, आणि ज्या प्लॅस्टिकच्या डबीत त्या दिवशीचे ग्रीस जपून ठेवले आहे तिच्यावर तारीख आणि पंपाचा क्रमांक लिहिलेला असतो. पुढच्या ऑगस्टमध्ये दोन नंबरच्या पंपाच्या बेअरिंगचे झाकण उघडले तेव्हा ग्रीस पिवळसर होते. एका वर्षाचा हा दाखला पुरेसा नाही, म्हणून त्या मागावर आम्ही अजून ‘बंद’ असा शिक्का मारलेला नाही.